रोख वटावाची न्याय्य मर्यादा
संगमनेर विडी-व्यवसायासाठी परिचित आहे. तेथील एखादा कारखानदार जुन्या व्यापाऱ्याकडून 1,00,000 रुपयांची तंबाखू 30 दिवसांच्या उधारीवर घेतो, असे समजू. व्यापाऱ्याचे कर्ज वार्षिक 12 टक्क्यांचे असल्यास या उधारीपायी त्याला 1,000 रुपये व्याज पडते. कारखानदाराची रोकड बँकेत 6 टक्क्यांनी असल्यास ती महिनाभर आधी देण्यात त्याचे 500 रुपये बुडतात. म्हणून रोखीने 750 रुपये वटाव मागितला, तर उभयतांस 250 रुपयांचा लाभ होतो. 1,000 रुपयांहून अधिक मागणी मात्र व्यापाऱ्याच्या नफ्यालाच हात घालते. आणि वटाव कापून रक्कम उशिरा दिल्यास जुना विश्वास ढळतो. हा हिशेब समोर मांडल्यास मागणीला याचनेचे वा दडपणाचे रूप येत नाही.