रिकामी कॅप्सूल काय सांगते

डॉक्टरांनी पहिल्यांदाच पावडरचा इनहेलर लिहून दिला, की औषधाच्या दुकानातून दोन वस्तू हातात पडतात: प्लास्टिकचं मुठीत मावेल असं एक यंत्र आणि कॅप्सूलची डबी. दुकानदार घाईत एकदा करून दाखवतो, आपण मान डोलावतो आणि घरी येतो. पहिला गोंधळ इथेच होतो. कॅप्सूल म्हटली की ती पाण्याबरोबर गिळायची, ही आयुष्यभराची सवय. इनहेलरच्या कॅप्सूल गिळण्याचे प्रकार अमेरिकेतही इतके झाले, की तिथल्या औषध प्रशासनाला २००८ साली त्याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. गिळलेल्या कॅप्सूलने सहसा मोठा अपाय होत नाही, पण औषध पोटात जातं आणि श्वासनलिका आखडलेल्याच राहतात.

या यंत्राबद्दल एक गोष्ट आधी पक्की समजून घेतली, तर वापरण्याची प्रत्येक पायरी आपोआप पटते. यात गॅस नाही, स्प्रिंग नाही, बॅटरी नाही. तोंडात फवारा मारणाऱ्या पंपात दाबाखालचा वायू औषध बाहेर ढकलतो. पावडरच्या इनहेलरमध्ये ते काम तुमच्या श्वासाला करावं लागतं.

पंख्यापासून सुरुवात

कॅप्सूलमधून पावडर ओढण्याचं असं एक यंत्र १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालं. ते करणाऱ्यांपैकी डॉ. रॉजर अल्टुन्यान यांना स्वतःलाच दमा होता आणि नव्या औषधांचे प्रयोग ते स्वतःवर करत. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. त्यांच्या ‘स्पिनहेलर’मध्ये कॅप्सूल एका छोट्या पंख्यावर बसवलेली असे. रुग्णाने जोरात श्वास ओढला की पंखा फिरे आणि कॅप्सूलला पाडलेल्या भोकांतून पावडर उडून श्वासात मिसळे. आजच्या यंत्रांची रचना बदलली आहे, तत्त्व तेच आहे.

हा जोर लागतो कशाला, ते पावडरीत दडलेलं आहे. कॅप्सूलमध्ये औषध अगदी थोडं, मायक्रोग्रॅममध्ये मोजावं इतकं असतं. बाकी बहुतेक भाग लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. औषधाचे कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांना चिकटलेले असतात. फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचायला कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. त्याहून मोठा कण घशातच आपटतो. श्वासाचा झोत जोरदार असला, तरच औषधाचे बारीक कण लॅक्टोजपासून सुटतात. झोत मवाळ असला, तर सगळा गठ्ठा जिभेवर आणि घशात बसतो. तोंडाला किंचित गोड चव येते ती लॅक्टोजची. ती आली म्हणजे औषध छातीत पोहोचलं असं नाही आणि आली नाही म्हणून घाबरण्याचंही कारण नाही.

पायऱ्या

आपल्याकडे खूप वापरात असलेल्या रोटाहेलरच्या धर्तीच्या, दोन भागांच्या यंत्राचं उदाहरण घेऊ. तुमचं यंत्र वेगळं असेल तर कॅप्सूल बसवण्याची रीत वेगळी असेल, ती त्याच्या माहितीपत्रकात पाहावी. श्वासाचे नियम तेच राहतात.

१. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. डबीतून एकच कॅप्सूल काढा आणि झाकण लगेच घट्ट लावा.

२. यंत्र उभं धरा. वरच्या चौकोनी भोकात कॅप्सूलचं पारदर्शक टोक आधी घाला आणि ती भोकाच्या कडेशी समतल होईपर्यंत खाली दाबा.

३. तोंडाकडचा भाग एका हाताने पकडून खालचा भाग फिरेल तिथपर्यंत फिरवा. आतल्या पात्याने कॅप्सूलचे दोन भाग होतात आणि पावडरचा अर्धा आत पडतो. यानंतर यंत्र आडवं धरा, हलवू नका.

४. सरळ बसा किंवा उभे राहा. यंत्र तोंडापासून दूर ठेवून जमेल तितका श्वास बाहेर सोडा.

५. यंत्राचं तोंड दातांमध्ये धरा, ओठ भोवती घट्ट मिटा, मान किंचित मागे न्या. आता तोंडाने एकदम जोरात आणि खोल श्वास ओढा. जोर पहिल्या क्षणापासून हवा.

६. यंत्र काढा, तोंड मिटा आणि १० सेकंद किंवा झेपेल तितका वेळ श्वास रोखा. मग नाकाने हळूच सोडा.

७. यंत्र उघडून पाहा. पावडर उरली असेल तर चौथ्या पायरीपासून पुन्हा करा. नंतर कॅप्सूलचे तुकडे काढून टाका.

८. चूळ भरा, घशात गुळण्या करा आणि पाणी थुंका.

बर्फाचा गोळा चोखताना गाल आत जातात, पण इथे ओढायचं ते गालांनी नाही, छातीने. गाल आत गेले तर झोत तोंडातच संपतो. नीट ओढलं की आतून कॅप्सूलची खडखड ऐकू येते. आवाज आलाच नाही, तर श्वास कमी पडला किंवा कॅप्सूल अडकली, असं समजावं.

“काकू, माझ्यासमोर घेऊन दाखवा”

समजा, पन्नाशीतल्या एका बाईंना दमा आहे. डॉक्टरांनी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल या दोन औषधांची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितली. दोन आठवड्यांनी त्या तक्रार घेऊन येतात, “डॉक्टर, काही गुण नाही हो. रात्री खोकला तसाच आहे.” अशा वेळी औषध वाढवण्याआधी डॉक्टर म्हणतात, “काकू, माझ्यासमोर घेऊन दाखवा बघू.”

काकू पिशवीतून यंत्र काढतात. कॅप्सूल रंगीत टोकाकडून घालतात. खालचा भाग फिरवतात, यंत्र ओठांशी नेतात, त्यातच श्वास सोडतात आणि मग हळूहळू, अगदी शांतपणे ओढतात. त्यांच्या मुलीकडे फवाऱ्याचा पंप आहे आणि तिला सावकाश ओढायला सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. डॉक्टर यंत्र उघडून दाखवतात. रंगीत टोपण आत पडलंय आणि पावडरने भरलेला पारदर्शक अर्धा वरच्या भोकातच अडकलाय.

तीन चुका, आणि तिन्हींचा परिणाम वेगळा. कॅप्सूल उलटी घातल्यामुळे पावडर झोताच्या वाटेवर आलीच नाही. यंत्रात श्वास सोडल्यामुळे तोंडातली वाफ आत गेली. पावडर वाटेवर असती तर ती एक तर उडून गेली असती, नाही तर ओलसर होऊन गोळा झाली असती. आणि सावकाश ओढण्याची रीत फवाऱ्यासाठी अगदी बरोबर आहे, कारण तिथे औषध आधीच वेगाने बाहेर येतं. पावडरच्या यंत्रात मात्र नेमकं उलट करायचं असतं.

डॉक्टर त्यांना नवी कॅप्सूल बरोबर घालायला लावतात. पहिल्या जोरदार श्वासाला खडखड ऐकू येते, उघडल्यावर पारदर्शक अर्ध्याच्या तळाशी थोडी पावडर दिसते. दुसऱ्या श्वासाला तोही साफ होतो. औषध तेच, मात्रा तीच. काकूंना एक गोष्ट समजावून सांगावी लागते: यातलं ब्युडेसोनाइड हे सूज कमी करणारं स्टेरॉइड आहे, त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते आठवडे लागतात. म्हणून बरं वाटलं तरी आणि लगेच वाटलं नाही तरी, डॉक्टरांनी सांगेपर्यंत ते बंद करायचं नाही. चूळ भरण्याचा नियमही स्टेरॉइडमुळेच आहे. ते तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरे चट्टे येतात किंवा आवाज बसतो.

वापरलेली कॅप्सूल पाहणं ही घरी करता येणारी सर्वांत सोपी तपासणी आहे, पण तिलाही मर्यादा आहे. कॅप्सूल भरलेली राहिली, तर औषध मिळालं नाही हे नक्की. रिकामी झाली, तर पावडर यंत्राबाहेर गेली एवढंच कळतं. ती छातीत गेली की घशात बसली, हे कॅप्सूल सांगत नाही. त्यासाठी श्वासाचा जोर, ओठांची पकड आणि श्वास रोखणं या तिन्हींकडे लक्ष द्यावं लागतं.

पाणी आणि पावसाळा

ओलावा हा पावडरचा वैरी. म्हणून कॅप्सूल न्हाणीघरात किंवा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ ठेवू नयेत. सकाळची गडबड नको म्हणून रात्रीच यंत्रात कॅप्सूल घालून ठेवण्याची सवय तर अजिबात नको. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो, की उघडी राहिलेली कॅप्सूल मऊ पडते आणि आतली पावडर भिंतीला चिकटते. डबीत ओलावा शोषणारी पुडी असेल तर ती फेकू नये, आणि खाऊही नये.

रोटाहेलरचे भाग आठवड्यातून एक-दोनदा सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुता येतात. पण झटकून, उघड्यावर पूर्ण वाळल्याशिवाय त्यात कॅप्सूल घालू नये. सगळी यंत्रं पाण्याने धुवायची नसतात, त्यामुळे आपल्या यंत्राचं माहितीपत्रक पाहून घ्यावं.

कधी हे यंत्र पुरत नाही

यंत्र श्वासावर चालतं, म्हणूनच श्वास फार कमी झाला की त्यावर भिस्त ठेवता येत नाही. लहान मुलांना, विशेषतः पाच वर्षांच्या आतल्यांना, एवढा जोर लावता येत नाही. त्यांना फवाऱ्याचा पंप स्पेसरसह देतात. जोरात दम लागला असताना मोठ्यांचीही तीच गत होते, म्हणून अशा वेळी काय वापरायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. दुधातल्या प्रथिनाची गंभीर अॅलर्जी असेल, तर तेही सुरुवातीलाच सांगावं, कारण लॅक्टोजमध्ये त्याचा अंश असू शकतो.

एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर पडली, किंवा तातडीचं औषध घेऊनही दम उतरत नाही, तर थांबू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पावडरची आणखी एक कॅप्सूल घेऊन बघू, असं त्या वेळी करत बसू नये.

एरवी, पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या कागदाबरोबर यंत्रही पिशवीत टाका, आणि न विचारताच डॉक्टरांना किंवा नर्सना म्हणा, “मी घेऊन दाखवतो, बरोबर आहे का बघा.” पद्धत हळूहळू बिघडत जाते आणि स्वतःला ते कळत नाही. म्हणून सगळं ठीक चाललं असलं, तरी दर भेटीला एकदा हे करावं.