सोलरचा पथदिवा ऐन पावसाळ्यातच का विझतो? आष्ट्यातल्या एका खांबाचा हिशोब

मार्चमध्ये बसवलेला सोलरचा दिवा जूनपर्यंत रात्रभर जळतो. जुलै उजाडला की तो आधी पहाटे बंद पडू लागतो, मग मध्यरात्री. काही दिवसांनी तर तो संध्याकाळी तासभरच लागतो. "बॅटरी गेली," असं सगळेच म्हणतात. नवीन बॅटरी टाकली तरी पुढच्या पावसाळ्यात तेच घडतं.

बऱ्याचदा चूक बॅटरीची नसतेच. चूक असते ती खांब उभा करण्याआधी कागदावर केलेल्या, किंवा न केलेल्या, हिशोबाची. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या आष्टा शहराजवळ मळ्याकडे जाणाऱ्या एखाद्या रस्त्यावर दिवा लावायचा आहे, असं धरून हा हिशोब समजून घेऊ.

रात्रीला वीज किती लागते?

सुरुवात पॅनेलपासून नाही, दिव्यापासून करायची. साधारण ६ मीटरच्या खांबावर अरुंद रस्त्यासाठी २० वॅटचा एलईडी दिवा धरू. तो १२ तास पूर्ण क्षमतेने जळाला तर २० × १२ = २४० वॅट-तास वीज लागेल.

पण मध्यरात्रीनंतर रस्त्यावर वर्दळ नसते. म्हणून पहिले ५ तास पूर्ण उजेड आणि पुढचे ७ तास निम्मा उजेड अशी सोय केली, तर गरज १०० + ७० = १७० वॅट-तासांवर येते. दिव्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये थोडी वीज वाया जाते. ती धरून आपला आकडा झाला रोजचे १९० वॅट-तास.

बॅटरी किती मोठी हवी?

इथे येतो 'ऑटोनॉमी'चा प्रश्न. म्हणजे सूर्य अजिबात दिसला नाही तर दिवा किती रात्री जळायला हवा? पथदिव्यासाठी साधारण ३ दिवस धरतात. १९० × ३ = ५७० वॅट-तास.

पण बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीतली साधारण ८० टक्के वीज रोजच्या वापराला धरता येते. म्हणून ५७० ला ०.८ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ७१२ वॅट-तास. १२.८ व्होल्टच्या बॅटरीत हे ५६ अँपिअर-तासांच्या आसपास जातं, म्हणून बाजारातली ६० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यायची.

जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी घेतली तर निम्मीच वीज वापरणं शहाणपणाचं असतं. तिथे त्याच कामाला १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल.

पॅनेल: खरी गोम इथेच आहे

पॅनेलचा हिशोब 'पूर्ण उन्हाच्या तासांत' करतात. दिवसभरातलं कमी-जास्त ऊन एकत्र केलं तर कडक उन्हाचे किती तास भरतील, तो हा आकडा. आष्टा परिसरात वर्षाची सरासरी साधारण ५ तास धरता येते. मार्च-एप्रिलमध्ये ती ६ च्या वर जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र साडेतीन-चारवर येते.

धूळ, उष्णता, वायरी, चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी यांत मिळून बरीच वीज वाया जाते. पॅनेलवर लिहिलेल्या क्षमतेपैकी साधारण ६५ टक्केच हाती लागते असं धरू.

आता कुणी वर्षाची सरासरी घेऊन गणित केलं, तर १९० भागिले (५ × ०.६५) म्हणजे ५८ वॅट. म्हणजे ६० वॅटचं पॅनेल पुरेल असं वाटतं. पण जुलैत हे पॅनेल रोज ६० × ३.५ × ०.६५ = सुमारे १३६ वॅट-तासच देतं. रोज ५४ ची तूट. बॅटरीत वापरण्याजोगे सुमारे ६१४ वॅट-तास आहेत. म्हणजे अकरा-बारा दिवसांत ती रिकामी. बॅटरी दुप्पट केली तरी दिवा आणखी अकरा-बारा दिवसच जास्त टिकेल, कारण तूट तशीच राहते. रोजचा खर्च कमाईपेक्षा जास्त असेल तर तिजोरी मोठी करून काय उपयोग?

म्हणून पॅनेल जुलैच्या उन्हावर ठरवायचं. १९० भागिले (३.५ × ०.६५) म्हणजे ८४ वॅट. त्यातही थोडं जास्त हवं, कारण तीन अंधाऱ्या दिवसांनंतर रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला हवी. १०० वॅटच्या पॅनेलला जुलैच्या उन्हात त्यासाठी सुमारे १५ दिवस लागतील, १२० वॅटच्या पॅनेलला ७. दोन ढगाळ आठवड्यांमध्ये जेमतेम एक उघडीप मिळते अशा दिवसांत १२० वॅट जास्त भरवशाचं.

डिसेंबरची रात्र तर सर्वात मोठी, मग ती का नाही धरली? कारण तेव्हा आष्ट्यात रात्र सुमारे १३ तासांची असली तरी आकाश निरभ्र असतं आणि उन्हाची भर त्याहून जास्त पडते.

पॅनेल किती तिरकं?

दक्षिणेकडे तोंड आणि १५ अंशांच्या आसपास उतार पुरे. आष्टा साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. पॅनेल फार उभं केलं तर जुलैतलं आधीच कमी असलेलं ऊन आणखी घटतं. अगदी आडवं ठेवलं तर पावसाने धूळ वाहून जात नाही.

गाळप हंगामात पाचट जाळल्याची काजळी पॅनेलवर बसते. तेव्हा पाऊस नसतो, म्हणून फडक्याने पुसावंच लागतं. बॅटरीची पेटी खांबाच्या तळाशी न ठेवता वर, पॅनेलच्या सावलीत बसवावी. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरासारखं पाणी आलं, तर तळातली पेटी सर्वात आधी बुडते.

बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं?

उन्हाळ्यात रात्रभर जळतो आणि पावसाळ्यातच विझतो? पॅनेल अपुरं आहे किंवा त्यावर झाडाची सावली येते. मार्चच्या कडक उन्हातही मध्यरात्री विझतो? पॅनेल स्वच्छ असेल तर बॅटरी थकली आहे. अजिबात लागतच नाही? आधी फ्यूज, वायरीचे जोड आणि कंट्रोलर तपासा.

ऑनलाइन '१०० वॅट'चा दिवा घेताय?

पॅनेलची लांबी-रुंदी मोजा. साधारण एक चौरस मीटर पॅनेल कडक उन्हात सुमारे २०० वॅट देतं. दोन फूट बाय एक फूट पॅनेल असेल तर क्षेत्रफळ ०.१८६ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ३७ वॅट. जुलैत त्यातून रोज ८४ वॅट-तास मिळतील. १२ तासांत वाटले तर ७ वॅट.

खोक्यावर १०० लिहिलेलं असलं, तरी पावसाळ्यात तो रात्रभर ७ वॅटचाच दिवा असतो. विकणाऱ्याला दिव्याचे वॅट विचारण्याआधी पॅनेलचे वॅट, बॅटरीचे अँपिअर-तास आणि हिशोब कोणत्या महिन्याच्या उन्हावर केला, हे तीन प्रश्न विचारा.