पार्किंगचा वाद आधी कागदावर मांडा

पार्किंगवरून सभेत आवाज चढण्याआधी समितीला एक पत्र द्यावं. मजकूर साधा असू द्या:

‘मा. सचिव, पार्किंगचे नियम ठरवण्यापूर्वी रहिवाशांचं सर्वेक्षण करावं, ही विनंती. प्रत्येक सदनिकेसाठी एकच अर्ज असावा. भाडेकरूंनाही विचारावं, कारण गाडी त्यांचीच असते. प्रश्न असे सुचवतो: तुमच्याकडे चारचाकी आणि दुचाकी किती? रात्री दहानंतर त्या कुठे उभ्या असतात? गेल्या महिन्यात तुमची गाडी किती वेळा अडली? जागा कमी पडल्यास दरवर्षी चिठ्ठ्या टाकणं मान्य आहे का? दुसऱ्या गाडीला जास्त शुल्क असावं का?’

‘पार्किंगची अडचण आहे का?’ हे मात्र विचारू नका. सगळे ‘हो’च म्हणतील, कळणार काहीच नाही. समजा, जागा 30 आणि मोटारी 42 निघाल्या. त्यांतल्या 14 एकाच घरातल्या दुसऱ्या गाड्या असतील, तर पहिल्या गाड्या 28च. म्हणजे प्रत्येक घराची पहिली गाडी आत मावते. भांडण उरलेल्या दोन जागांचं आहे.

सर्वेक्षण म्हणजे निर्णय नव्हे. आदर्श उपविधींनुसार पार्किंगचे नियम सर्वसाधारण सभाच ठरवते, म्हणून उत्तरांचा तक्ता सभेच्या सूचनेसोबतच वाटावा.