परदेशस्थ खातेदार आणि संकेतस्थळावरील प्रवेशबंदी

जर्मनीत राहणाऱ्या खातेदाराने सातबारा पाहण्यासाठी शासकीय संकेतस्थळ उघडावे आणि पडद्यावर केवळ ‘403 Forbidden’ उमटावे, किंवा काहीच न उमटता प्रतीक्षा संपावी, असे घडू शकते. त्याच क्षणी गावाकडील भावाला ते पान दिसत असेल, तर दोष बहुधा संगणकाचा नसून आयपी पत्त्याचा असतो. पत्त्यांचा कोणता गट कोणत्या देशातील संस्थेस दिला, याची नोंद असते. सर्व्हरपुढील फायरवॉल त्या नोंदीवरून परदेशी गट सरसकट नाकारते. बहुतेक वापरकर्ते देशातीलच असल्याने हल्ले कमी करण्याचा हा स्वस्त उपाय होय, मात्र ढोबळ. भारतातील यंत्र भाड्याने घेणारा हल्लेखोर आत येतो, खातेदार बाहेर राहतो.

व्हीपीएनचा मोह होतो. परंतु बँकेला असे लॉगिन संशयास्पद वाटून प्रवेश गोठू शकतो. सातबारा सार्वजनिक अभिलेख आहे. गट क्रमांक कळविल्यास भाऊ स्वतःच्या मोबाईल क्रमांकावरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढू शकतो. बँक खात्यासाठी मात्र पासवर्ड भावाला न देता, भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र बँकेत नोंदवावे.