ओम शांती ओम, आणि पुढे काहीच नाही
(लेखमाला : निरोपाचा अर्थ, भाग ६)

अंधेरी पश्चिमेला न्यू लिंक रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत गाणं ही ऐकायची कमी आणि कागदावर चढवायची गोष्ट जास्त आहे. गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणारी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणं वाजवण्याचे परवाने देणारी पीपीएल आणि लेखक-गीतकारांच्या संहितांची नोंद ठेवणारी स्क्रीनरायटर्स असोसिएशन, सगळे याच पट्ट्यात. त्यांच्या अवतीभवती जाहिराती, मालिका आणि लग्नाचे कार्यक्रम करणाऱ्यांची लहानलहान ऑफिसं आहेत. अशा ऑफिसात गाण्यांचं काम बघणाऱ्या माणसाच्या फोनवर रोज काय येतं, तर चार शब्द. नमस्कार नाही, प्रश्नचिन्ह नाही, खाली नाव नाही. एखाद्या गाण्याचा तुकडा किंवा सिनेमातला संवाद, आणि बस्स. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण सगळं सांगितलं.

समजा, रात्री साडेदहाला निरोप आला : ‘ओम शांती ओम’. या तीन शब्दांना निदान तीन मालक आहेत. 1980 च्या ‘कर्ज’मधलं किशोर कुमारचं गाणं, म्हणजे ऋषी कपूर प्रचंड मोठ्या तबकडीवर नाचतो ते. दुसरा, फराह खानचा 2007 चा त्याच नावाचा सिनेमा. आणि तिसरा आपल्या घरातला : कुणी गेलं की मराठी माणूस ग्रुपवर ‘ओम शांती’ लिहितो. हातासरशी दुसरा ‘ओम’ही उमटू शकतो.

इथे पहिला नियम लागतो, आणि तो संगीताचा नाही. जो अर्थ चुकला तर सगळ्यात जास्त महागात पडेल, तो आधी बाजूला काढायचा. माझ्या मते शोकाची शक्यता एक टक्का असली, तरी उत्तरात नाचणारा इमोजी टाकायचा नाही. त्यासाठी कुणाला काही विचारावं लागत नाही. त्याच माणसाचे आधीचे दोन निरोप वर सरकवून बघायचे, एवढंच. वर शूटिंगचं वेळापत्रक असेल तर जीव भांड्यात पडतो. वर हॉस्पिटलचा पत्ता असेल, तर फोन उचलून बोलायचं.

मग तुकड्याकडे बघायचं : तो गाण्याच्या कुठल्या भागातला आहे? ज्याला गाणं पाठ आहे, तो मुखड्याची सुरुवात लिहितो, कारण त्याच्यासाठी तेच गाण्याचं नाव असतं. त्याला गाणं शोधून नको आहे, गाण्याचं दुसरं काहीतरी हवं आहे. ज्याने गाणं रिक्षात किंवा रीलमध्ये ओझरतं ऐकलं, तो मधलाच शब्द लिहितो, बहुतेक वेळा कानाला जसा लागला तसा आणि चुकीचा. रीलमुळे यात एक भर पडली आहे. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा पुष्कळदा अंतऱ्यातून उचललेला असतो, त्यामुळे अंतरा लिहिणारा दर्दी असेलच असं आता धरता येत नाही. फरक शुद्धलेखनात सापडतो. अंतऱ्यातला अवघड उर्दू शब्द बिनचूक असेल तर दर्दी. त्या शब्दाच्या जागी एखादा सोपा, रोजचा शब्द बसवलेला असेल तर रील. दुसऱ्याला आधी गाण्याचं नाव सांगावं, तो तेवढ्यावरच खूश होतो.

‘ओम शांती ओम’ मात्र मुखडाही आहे आणि शीर्षकही, शुद्धलेखनातही काही लपलेलं नाही. म्हणजे तुकडा काही बोलत नाही. आता विचारावं लागणार, पण काय? ‘कुठलं?’ हा प्रश्न तोंडात पटकन येतो आणि तो वाया जातो. ‘ते जुनं’ असं उत्तर येतं. त्यातून गाणं कळलं तरी काम कळत नाही. शिवाय 2007 चा सिनेमा सुरूच होतो ‘कर्ज’च्या त्या गाण्याच्या चित्रीकरणापासून, शाहरुख तिथे गर्दीतला ज्युनिअर आर्टिस्ट आहे. त्यामुळे ‘शाहरुखवालं’ असं उत्तर देणाऱ्यालाही किशोरचंच गाणं हवं असू शकतं. विचारायचं ते एकच : ‘कुठे वापरायचं आहे?’

उत्तर आलं ‘संगीतच्या रात्री आत्या गाणार आहे’, तर हवा आहे कराओके ट्रॅक, आणि लगोलग आत्याची पट्टी विचारायची. काळी दोन की पांढरी चार, हे कळल्याशिवाय पाठवलेला ट्रॅक परत येतो. पुरुषाच्या पट्टीतला ट्रॅक बाईने तसाच घेतला, तर कुठेतरी आवाज वर चिरतो नाहीतर खाली बुडतो.

उत्तर आलं ‘जाहिरातीत’, तर रात्र मोठी आहे. किशोरचा मूळ आवाज हवा असेल तर ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगळी आणि शब्द-चालीची वेगळी. दुसऱ्याकडून गाऊन घेतलं, तर ध्वनिमुद्रणाचा भाग सुटतो, शब्द आणि चाल सुटत नाहीत. ‘जुनं आहे, आता फुकट असेल’ ही समजूत इथे नेहमी भेटते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, म्हणजे 1980 च्या या ध्वनिमुद्रणाचा 2040 अखेरपर्यंत. शब्दांची साठ वर्षं मात्र गीतकाराच्या मृत्यूनंतर मोजतात. आनंद बक्षी 2002 साली गेले, तेव्हा शब्द 2062 संपेपर्यंत बांधलेले. चाल लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीची, आणि जोडी असली की मोजणी मागाहून जाणाऱ्यापासून होते. एकाच गाण्याची तीन घड्याळं तीन वेगळ्या वेळा दाखवतात. म्हणून ‘हे गाणं मोकळं आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि उत्तर आलं ‘सिनेमाचं नाव ठेवायचंय’, तर रस्ताच बदलतो. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ‘देसी बॉइज’च्या प्रकरणात सांगितलं आहे. पण निर्माते आपापल्या संघटनेत नावं नोंदवून ठेवतात आणि नाव ट्रेडमार्कही असू शकतं. तेव्हा गाण्याच्या कंपनीकडे न जाता आधी त्या नोंदी चाळायच्या. जुन्या गाण्याच्या ओळीवरून सिनेमाचं नाव घेण्याची हिंदीत इतकी सवय आहे, की तुकडा नवीन आणि कानाला गोड वाटला, तर तो आधीच कुणीतरी नोंदवलेला असणार असं धरूनच चालावं.

संवादांचं गणित वेगळं. ‘अशी ही बनवाबनवी’त दारात उभं राहून धनंजय मान्यांची चौकशी होते, तो प्रश्न 1988 पासून मराठी माणसाला पाठ आहे. तो एकटाच टाइप होऊन आला, तर पाठवणाऱ्याला माहिती नको असते, त्याला पुढचं वाक्य हवं असतं. वसंत सबनीसांचे ते संवाद लोक असे देवाणघेवाणीसाठीच वापरतात. उत्तरात सिनेमाचं साल आणि दिग्दर्शकाचं नाव पाठवलं, तर समोरचा हिरमुसतो. अपवाद एकच, आणि तो अंधेरीत नेहमी भेटतो. मुळात तो सिनेमा खोली न मिळणाऱ्या पोरांचा. स्ट्रगल करायला आलेला मुलगा महिनाअखेरीला तोच प्रश्न मित्रांच्या ग्रुपवर टाकतो, तेव्हा त्याचा अर्थ असतो : कुणाकडे एक गादी टाकायला जागा आहे का? हे ओळखायला तारीख बघावी. पंचवीसनंतर आलेल्या त्या संवादाला मी पुढचं वाक्य पाठवत नाही, ‘किती दिवस?’ असं विचारतो. मस्करी असेल तर तो हसण्याचा इमोजी टाकतो. नसेल तर तो सरळ भाडं विचारतो.