अर्ज मागे घेणारी चार वाक्यं

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका मुलीने अंबडच्या कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी गुरुवारी आहे. दरम्यान सातपूरच्या दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर सोमवारी आलं आणि मंगळवारी तिने मेलवर होकार कळवला. आता अंबडचं काय करायचं? घरात दोन सल्ले मिळतात. एक, ‘जाऊच नकोस, त्यांचं ते समजतील.’ दुसरा, ‘मुलाखत देऊन ठेव, हाताशी असू दे.’

पहिला सल्ला जास्त महागात पडतो. गुरुवारच्या त्या तासासाठी फायनान्स मॅनेजरचा वेळ राखून ठेवलेला असतो, आणि हिच्या खालोखाल पसंती असलेल्या उमेदवाराला एचआरने बहुधा ‘कळवतो’ म्हणून थांबवलेलं असतं. न सांगता गैरहजर राहिलं की कंपनीच्या भरतीच्या नोंदींत तसा शेरा पडतो. पुढे कधी त्याच कंपनीत अर्ज केला, तर नावाबरोबर तो शेराही वर येऊ शकतो. ‘उमेदवाराने अर्ज मागे घेतला’ ही नोंद मात्र निरुपद्रवी असते. भरती करणाऱ्यांना तिची सवय असते.

असा मेल आपल्याकडे बहुतेक वेळा इंग्रजीतच जातो. मराठीत त्याचा मजकूर असा होईल :

‘नमस्कार मॅडम,
अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. मी दुसऱ्या ठिकाणची नोकरी स्वीकारली आहे. त्यामुळे गुरुवारी सकाळी ११ वाजता ठरलेली मुलाखत कृपया रद्द करावी. दोन्ही मुलाखतींसाठी आपण आणि अकाउंट्स विभागाने दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार.’

खाली नाव आणि मोबाइल नंबर. संपलं.

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लिहिताना हात आखडतो. संकोचापोटी माणसं लिहितात, ‘सध्या पुढे जाणं थोडं अवघड वाटतंय.’ लिहिणाऱ्याला वाटतं आपण सौम्यपणे सांगितलं. वाचणाऱ्या एचआरला वाटतं की पगाराची घासाघीस सुरू झाली. मग फोन येतो, ‘मॅडम, तुमची अपेक्षा किती?’ आणि नको असलेलं बोलणं आठवडाभर चालतं. ‘मागे घेत आहे’ आणि ‘स्वीकारली आहे’ अशी क्रियापदं वापरली की असा फोन येण्याची शक्यता बरीच कमी होते. नव्या कंपनीचं नाव आणि पगाराचा आकडा लिहायची गरज नाही. कुणी विचारलंच, तर ‘रुजू झाल्यावर कळेलच’ एवढं हसून म्हणता येतं.

मेल नव्याने लिहू नये. मुलाखतीची वेळ कळवणारा जो मेल आला होता, त्यालाच उत्तर द्यावं आणि विषयाची ओळ बदलू नये. जीमेलमध्ये विषय बदलला की तो वेगळा संवाद धरला जातो, आणि दिवसाला ढीगभर उमेदवारांशी बोलणाऱ्या माणसाला आधीचे मेल शोधत बसावं लागतं. कॅलेंडरचं निमंत्रण आलेलं असेल तर तेही नाकारावं, नाहीतर मॅनेजर गुरुवारी वाट बघत बसतो. अर्ज कन्सल्टंटमार्फत गेला असेल तर आधी त्याला फोन. त्याची फी साधारणपणे उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते, तेव्हा तो गळ घालणारच. त्याचं ऐकून घ्यावं आणि मेल मात्र त्यालाही पाठवावा.

मेल कधी पाठवायचा, यात खरी जोखीम आहे. ‘ऑफर निघतेय, दोन दिवसांत येईल’ या तोंडी शब्दावर दुसरा अर्ज मागे घेऊ नये. पत्र हातात हवं, त्यात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख हवी, आणि आपला होकारही लेखी गेलेला हवा. बऱ्याच पत्रांत कागदपत्रांच्या पडताळणीची अट असते. जुन्या कंपनीचं अनुभवपत्र मिळालेलं नसेल, तर ती अडचण आधी मिटवावी आणि अंबडची मुलाखत आठवडाभर पुढे ढकलून मागावी. पण तशी काही शंका नसताना, नुसतं हाताशी असावं म्हणून तिसरी फेरी देऊ नये. दुसरा सल्ला मला तरी पटत नाही. त्या फेरीसाठी माणसं तयारी करून बसतात, आणि नंतरचा नकार त्यांना जास्त झोंबतो.

अंबडच्याही ऑफरवर सही झालेली असेल, तर मात्र हा मेल कामाचा नाही. तो अर्ज मागे घेणं राहत नाही, दिलेला शब्द मोडणं होतं. तिथे आधी पत्रातल्या अटी वाचाव्यात, मग स्वतः फोन करावा आणि त्यानंतर लेखी कळवावं. कॉलेजमधल्या कॅम्पस मुलाखतींतही थेट कंपनीला लिहू नये. एक ऑफर घेतल्यावर दुसऱ्या मुलाखतींना बसू न देण्याचा नियम अनेक कॉलेजांत असतो, त्यामुळे आधी प्लेसमेंट ऑफिसरला सांगावं.

मेलला उत्तर आलं नाही तरी पुन्हा विचारू नये. अर्ज कंपनीच्या पोर्टलवरून भरला असेल, तर तिथे अर्ज मागे घेण्याचं बटण आहे का ते पाहावं आणि असल्यास मेल गेल्यावर दाबावं. आधी दाबलं, तर माणसाऐवजी संगणकाकडून आलेली एक कोरडी सूचना पहिल्यांदा मॅडमच्या हाती पडते.