दाखल्यांची जुनी लिंक अजून उघडी तर नाही? ‘ड्राइव्ह’मध्ये अशी शोधा, अशी बंद करा

समजा, वलगावच्या एका विद्यार्थ्याने 2021मध्ये अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश घेताना आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाचे फोटो गुगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवले. फॉर्म भरून देणाऱ्याला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. प्रवेश झाला, मेसेजही डिलीट केला. पण लिंक आजही चालूच आहे. मेसेज पुसल्याने ती बंद होत नाही आणि तिला आपोआप मुदतही नसते. पत्ता ज्याच्याकडे पोहोचला, त्याला लॉगिनशिवाय सर्व कागद दिसतात. त्या फोल्डरमध्ये नंतर टाकलेली फाइलही तशीच उघडी राहते.

शोधायची कशी?

ड्राइव्हच्या सर्च चौकटीत हे टाइप करा :

```
owner:me before:2022-01-01
```

1 जानेवारी 2022च्या आधीच्या तुमच्या फाइल्स समोर येतील. नावाजवळ दोन माणसांचे चिन्ह असेल, तर ती शेअर केलेली आहे. मात्र हे चिन्ह एकाच व्यक्तीला दिलेल्या फाइलवरही असते. त्यामुळे तीन टिंबांवर टॅप करून ‘Manage access’ उघडा आणि ‘General access’खाली पाहा. तिथे ‘Anyone with the link’ असेल, तर ती फाइल लिंक असलेल्या कुणालाही उघडते.

बंद कशी करायची?

त्याच ठिकाणी ‘Restricted’ निवडा. सुरुवात फोल्डरपासून करा, कारण आतल्या फाइल्सना परवानगी फोल्डरकडूनच मिळते. पण एखाद्या फाइलची वेगळी लिंक पाठवली असेल, तर ती फाइलही स्वतंत्रपणे बंद करावी लागते.

इथे चूक होते

अनेक जण थेट फाइल डिलीट करतात. ती ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते आणि कायमची पुसली जाईपर्यंत लिंकवाल्यांना उघडता येऊ शकते. म्हणून आधी ‘Restricted’, मग डिलीट.

दुसरी गोष्ट, फाइलचा पत्ता बदलत नाही. आज बंद केलेली फाइल उद्या पुन्हा ‘Anyone with the link’ केली, तर 2021ची जुनी लिंकही जिवंत होते. कागद पुन्हा कुणाला द्यायचाच असेल, तर फाइलची कॉपी करून तिची लिंक द्या. कॉपीला नवा पत्ता मिळतो. त्याहून बरे म्हणजे समोरच्याचा ई-मेल टाकून फक्त त्यालाच परवानगी देणे.

बंद झाली हे कसे कळेल?

जुनी लिंक कॉपी करून क्रोमच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये उघडा. कागद न दिसता लॉगिन करायला किंवा परवानगी मागायला सांगितले, तर काम झाले. स्वतःच्या खात्यातून तपासू नका, मालकाला फाइल नेहमीच दिसते.

कुणी आधीच डाउनलोड केलेली प्रत मात्र परत घेता येत नाही. वैयक्तिक खात्यात ती फाइल कोणी कोणी पाहिली, याची यादीही मिळत नाही. त्यामुळे फॉर्म भरून झाला, की त्याच दिवशी लिंक बंद केलेली बरी.